एका अक्षराला चार ठिपके

गल्लीच्या तोंडाशी एका कारने स्कूटरला धडक दिली आणि न थांबता निघून गेली. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही चालू होता. आता चित्र मोठं केलं की नंबर वाचता येईल, नाही का? जरा हिशोब करून पाहू.

कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्र १९२० ठिपके रुंद. त्यात वीस मीटर रस्ता मावलाय, म्हणजे मीटरमागे ९६ ठिपके. कारची नंबरप्लेट अर्ध्या मीटरची, तिच्या वाट्याला ४८. त्यात दहा अक्षरं-आकडे! एकेकाला जेमतेम चार ठिपके. एवढ्यात ३ आणि ८ वेगळे कसे दिसायचे?

मोठं करताना संगणक मधली जागा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. ‘फोटो स्पष्ट करणारी’ काही ॲप्स तर शोभेलसा आकडाच रेखाटून देतात. तो अगदी ठसठशीत दिसतो आणि भलत्याच गाडीचा असू शकतो.

पण खरी गंमत पुढे आहे. गाडी चालती आहे! त्यामुळे दर फ्रेमला अक्षराची कड ठिपक्यांच्या जाळीवर किंचित वेगळ्या जागी पडते. ३ ची जी फट एका फ्रेममध्ये बुजली, ती पुढच्या फ्रेममध्ये डोकावू शकते. अशा पंचवीस फ्रेम प्लेटवर प्लेट जुळवून एकत्र केल्या, तर चित्रातली खरखर पाचपटीपर्यंत कमी होते आणि कॅमेऱ्याने खरोखर टिपलेला तपशील वर येतो.

आणि नेमका हाच बारीक फरक व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवताना मारला जातो. व्हिडिओ तसाही काटकसरीने साठवलेला असतो: अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, एरवी फक्त काय बदललं त्याची नोंद. पुन्हा दाबला की पुसट तपशील आधी जातो. रुंदी निम्मी झाली तर अक्षराला उरतात दोन ठिपके.

म्हणून मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करू नका. डीव्हीआरमधून मूळ फाइलच पेनड्राइव्हवर घ्या, यंत्राचा प्लेयर लागत असेल तर त्यासकट. आणि लवकर घ्या, कारण डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुन्या चित्रणावर नवं चढवतो. त्याचं घड्याळ आणि तुमच्या मोबाईलचं घड्याळ एकाच फोटोत टिपा. डीव्हीआर सात मिनिटं पुढे असेल तर वेळ दुरुस्त न करता तशी नोंद ठेवा.

मग फाइलचा SHA-256 हॅश काढा. फाइल काही जीबींची असो, हॅश ६४ चिन्हांचाच. पण आत एक बिट बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो! भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो. मूळ फाइल तशीच ठेवून सगळी खटपट प्रतीवर करायची, प्रत्येक पायरी लिहून.

इतकं करूनही निष्कर्ष बहुधा असा येतो: ‘शेवटचा आकडा ३ किंवा ८, त्याआधी १, बाकीचे वाचता येत नाहीत.’ त्याला गाडीचं मॉडेल आणि रंग जोडला, की शोधायच्या गाड्यांची यादी झपाट्याने आखडते.