तीस मिलिअँपिअर कुठल्या दिशेने?

कॅपॅसिटर, कॉइल आणि रेझिस्टर हे तिन्ही त्याच दोन टोकांमध्ये शेजारी-शेजारी जोडले, की समांतर आरएलसी परिपथ तयार होतो. त्याला बाहेरून बॅटरी नाही. जे काही घडेल ते कॅपॅसिटरमध्ये आणि कॉइलमध्ये आधीपासून साठलेल्या ऊर्जेवरच. सगळी ऊर्जा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन संपेपर्यंत टोकांमधला व्होल्टेज कसा बदलत जातो, यालाच परिपथाचा नैसर्गिक प्रतिसाद म्हणतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे गणित हमखास सोडवावं लागतं, आणि त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: सुरुवातीच्या प्रवाहाची दिशा.

एक उदाहरण घेऊ. रेझिस्टर २०० ओहमचा, कॉइल २५० मिलिहेन्रीची, कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा. सुरुवातीला कॅपॅसिटरवर १२ व्होल्ट आहेत आणि कॉइलमधून ३० मिलिअँपिअर प्रवाह वरच्या टोकाकडून खाली वाहतो आहे.

किरखॉफने १८४५ साली मांडलेला नियम सांगतो, की वरच्या टोकातून तिन्ही वाटांनी बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य असते. हा नियम आपल्या परिपथाला लावला की एक वर्गसमीकरण हाती येतं:

s² + s/(RC) + 1/(LC) = 0

आपले आकडे घालून ते s² + 5000s + 4000000 = 0 असं होतं आणि त्याची उत्तरं −1000 व −4000 येतात. म्हणजे व्होल्टेज दोन भागांचा बनलेला असतो, एक सावकाश ओसरणारा आणि दुसरा त्याच्या चौपट वेगाने ओसरणारा:

v(t) = A·e^(−1000t) + B·e^(−4000t)

इथपर्यंत सुरुवातीच्या स्थितीचा संबंधच आला नाही. ओसरण्याचे वेग तीन घटकांनी ठरवले. A आणि B किती, हे मात्र १२ व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर ठरवतात.

पहिली अट सोपी आहे. कॅपॅसिटरचा व्होल्टेज क्षणात उडी मारू शकत नाही, म्हणून A + B = 12. दुसऱ्या अटीसाठी सुरुवातीच्या क्षणी कॅपॅसिटरमधून किती प्रवाह निघतो ते पाहायचं. रेझिस्टर १२ व्होल्टला ६० मिलिअँपिअर ओढतो, कॉइल आणखी ३० ओढते. एकूण ९० मिलिअँपिअर कॅपॅसिटरला द्यावे लागतात, म्हणून व्होल्टेज सेकंदाला ९०,००० व्होल्ट या वेगाने घसरू लागतो. ही अट A + 4B = 90 अशी लिहिता येते. दोन्ही सोडवून:

v(t) = −14·e^(−1000t) + 26·e^(−4000t)

साधारण ०.२१ मिलिसेकंदाला हा व्होल्टेज शून्यावर येतो, पण तिथे थांबत नाही. कॉइलमधला प्रवाह अजून वाहतोच आहे आणि कॉइल तो एकदम तोडू देत नाही. त्यामुळे कॅपॅसिटर उलट्या बाजूने भरू लागतो, ०.६७ मिलिसेकंदाच्या सुमारास व्होल्टेज उणे ५.४ पर्यंत उतरतो आणि मग सावकाश शून्याकडे परततो.

आता फक्त प्रवाहाची दिशा उलटी करू. तेच ३० मिलिअँपिअर, पण वरच्या टोकाकडे येणारे. रेझिस्टरच्या ६० पैकी निम्मे आता कॉइलच पुरवते, कॅपॅसिटरला फक्त ३० द्यावे लागतात आणि दुसरी अट A + 4B = 30 होते:

v(t) = 6·e^(−1000t) + 6·e^(−4000t)

हा व्होल्टेज कधीच शून्य ओलांडत नाही. आधीचा व्होल्टेज शून्यावर पोहोचतो त्या क्षणी इथे अजून साडेसात व्होल्ट शिल्लक असतात. साठलेली ऊर्जा मात्र दोन्हीकडे तितकीच, कॅपॅसिटरमध्ये ७२ आणि कॉइलमध्ये ११२.५ मायक्रोज्यूल. ऊर्जेच्या सूत्रात प्रवाहाचा वर्ग असतो, त्यामुळे तिथे दिशा दिसतच नाही.

अशा परिपथाला अतिअवमंदित म्हणतात आणि त्यावरून तो शून्य ओलांडणारच नाही असा समज रुजतो. तो चुकीचा आहे. याच कॉइल-कॅपॅसिटरला २५० ओहमपेक्षा मोठा रेझिस्टर लावला तर व्होल्टेज शून्याभोवती पुन्हा पुन्हा झुलतो. त्याहून लहान रेझिस्टर असला तर तो झुलत नाही, पण एकदा शून्यापलीकडे जाऊन येऊ शकतो.

चिन्ह चुकलं का, हे तपासायची एक सुंदर रीत आहे. कॉइलवरचा व्होल्टेज तिच्यातला प्रवाह बदलतो आणि शेवटी तो प्रवाह शून्य होतो. म्हणून व्होल्टेजच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ उणे L गुणिले सुरुवातीचा प्रवाह इतकंच यायला हवं. पहिल्या उत्तरात ते −14/1000 + 26/4000, म्हणजे −0.0075 येतं, −0.25 × 0.03 हेही तेवढंच. दुसऱ्यात +0.0075. सुरुवातीचा प्रवाह शून्य असेल तर क्षेत्रफळही शून्य, म्हणजे १२ व्होल्टपासून निघालेल्या व्होल्टेजला शून्याखाली जावंच लागतं.

प्रयोगशाळेत ही बेरीज थोडी चुकते. २५० मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात आणि त्या तारेलाही रोध असतो. टोकांमध्ये मोजलेल्या व्होल्टेजचा काही भाग त्या रोधावरच पडतो, तो वजा केला की हिशेब पुन्हा जुळतो.