ऑर्डर वाढली आणि गल्ला रिकामा

कारखान्यांची कॅन्टीन चालवणारे बरेच ठेकेदार पोळ्या स्वतः लाटत बसत नाहीत, बाहेरून घेतात. समजा, चाकणजवळ राहणाऱ्या एका नणंद-भावजयीने हा धंदा करायचं ठरवलं. दोघींनी मिळून पाच लाख रुपये उभे केले. गाळ्याची अनामत, भट्टी, मोठे तवे आणि पीठ मळायचं यंत्र यात दोन लाख गेले, हातात तीन लाख उरले. आता प्रश्न एवढाच की हे तीन लाख पुरतील का?

हिशेब सोपा ठेवू. पोळी सहा रुपयांना जाते. पीठ, तेल, गॅस, पॅकिंग आणि लाटणाऱ्या बायकांची नगावरची मजुरी धरून एका पोळीला तीन रुपये लागतात. महिन्याचा ठरलेला खर्च पन्नास हजार : गाळ्याचं भाडं १५ हजार, मदतनीस आणि टेम्पो १८ हजार, वीज-पाणी ५ हजार आणि दोघींच्या घरी न्यायचे १२ हजार. हा शेवटचा आकडा बहुतेक जण कागदावर लिहीतच नाहीत. 'आपलाच धंदा, आपल्याला कशाला पगार' म्हणतात आणि मग किराण्याचे पैसे गल्ल्यातूनच उचलतात. घर चालायचंच असतं, तेव्हा तो खर्च आधीच मांडलेला बरा.

पहिल्या महिन्यात २० हजार पोळ्या गेल्या, म्हणजे पंचवीस दिवस रोज आठशे. विक्री १ लाख २० हजार, खर्च १ लाख १० हजार. पहिल्याच महिन्यात दहा हजारांचा नफा! नवख्या माणसाचा हिशेब इथेच संपतो आणि त्याची फसगतही इथूनच सुरू होते. कारण त्या महिन्यात एक रुपयाही आलेला नाही. ठेकेदार महिनाअखेरीला बिल घेतो आणि तीस दिवसांनी पैसे देतो. लाटणाऱ्या बायकांना मात्र दर शनिवारी मजुरी हवी, आणि नव्या गिऱ्हाइकाला पीठवाला उधार देत नाही.

म्हणून नफ्याच्या हिशेबाबरोबर दुसरा एक कागद लागतो. त्यावर किती विकलं हे लिहायचं नाही. पैसा कोणत्या दिवशी हातात आला आणि कोणत्या दिवशी हातातून गेला, एवढंच लिहायचं. आधीची शिल्लक, त्यात आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे, उरेल ती पुढची शिल्लक. यालाच रोख प्रवाहाचा अंदाज म्हणतात. त्यातून एकच आकडा शोधायचा असतो : शिल्लक सगळ्यात खाली कधी जाते आणि किती जाते. त्याला आपण खड्डा म्हणू.

आधी साधारण अपेक्षेचा अंदाज मांडू. पहिल्या महिन्यात २० हजार पोळ्या, पुढचे दोन महिने २५ हजार, चौथ्यापासून ३० हजार, पैसे तीस दिवसांनी. पहिल्या महिन्याअखेर १ लाख १० हजार बाहेर गेलेले. दुसऱ्या महिन्यात आणखी १ लाख २५ हजार जातात आणि अखेरीला पहिल्या बिलाचे १ लाख २० हजार येतात. महिनाअखेरचे आकडे पाहिले तर खड्डा १ लाख १५ हजारांचा दिसतो. पण पैसे आले तीस तारखेला आणि खर्च झाला एकोणतीस तारखेपर्यंत. बिल सुटण्याच्या आदल्या दिवशी दोघींच्या खिशातून २ लाख ३५ हजार गेलेले असतात. तिसऱ्या महिन्यात हाच आकडा २ लाख ४० हजारांवर जातो. महिन्याच्या कोष्टकात हा अर्धा खड्डा लपून राहतो. म्हणून निदान पहिले तीन महिने आठवड्याचे रकाने पाडावेत. चौथ्या महिन्यापासून खड्डा भरू लागतो आणि सहाव्याच्या अखेरीस गुंतलेले सगळे पैसे परत आलेले असतात. तीन लाख पुरले, वर साठ हजारांची ढील राहिली.

आता वाईटात वाईट आणि चांगल्यात चांगलं. इथे सर्रास होणारा प्रकार म्हणजे विक्री वीस टक्के वर धरून एक कोष्टक, वीस टक्के खाली धरून दुसरं. बँकेत द्यायच्या प्रकल्प अहवालात अशी कोष्टकं हमखास दिसतात आणि ती फार कामाची नसतात. का, ते आपल्या उदाहरणातच तपासता येतं.

फक्त विक्री घटवून पाहा. पहिल्या महिन्यात १५ हजार पोळ्या, नंतर २० हजारांवरच अडकलेली विक्री, बाकी सगळं तसंच. खड्डा येतो २ लाख २५ हजार, म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडा कमीच! कमी पोळ्या म्हणजे कमी पीठ, कमी मजुरी, उधारीत कमी पैसा. खड्डा भरायला वेळ मात्र फार लागतो : सहाव्या महिन्याअखेरही पाऊण लाख बाहेरच असतात. आता विक्री अपेक्षेइतकीच ठेवा आणि फक्त वसुली तीस दिवसांवरून साठ दिवसांवर न्या. खड्डा ३ लाख ८० हजारांचा होतो. एकही पोळी कमी गेलेली नाही, तरी तीन लाखांत धंदा बसत नाही. वाईट अंदाज करताना 'किती विकलं जाईल' याहून 'किती दिवसांनी पैसे येतील' हे जास्त जपून ठरवावं लागतं ते यामुळे.

खरा वाईट अंदाज या गोष्टी एकत्र आणतो, कारण प्रत्यक्षातही त्या एकत्रच येतात. विक्री २० हजारांवर अडकली, पीठ-गॅस महागून पोळीला ३ रुपये ३० पैसे पडू लागले आणि पैसे साठ दिवसांनी. पहिले दोन महिने काहीच येत नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर गेलेली रक्कम तीन लाखांच्या पुढे जाते आणि दोघी थांबतात. चौथ्या महिन्यापर्यंत टिकायला ३ लाख ५८ हजार हवे होते. गंमत अशी की हा धंदा तोट्यात नाही. दुसऱ्या महिन्यापासून महिन्याला चार हजार सुटतात. सहा महिने चालला असता तर बाहेर २ लाख २९ हजार ५०० असते आणि ठेकेदारांकडे येणं २ लाख ४० हजार. पैसा बुडालेला नाही, दुसऱ्याच्या खिशात आहे. पण त्यावर शनिवारची मजुरी भागत नाही. आणि यातलं चाळीस हजारांचं एक बिल जरी बुडालं, तरी दहा महिन्यांचा नफा गेला.

आता चांगला अंदाज. पोळी मऊ, वेळेवर पोचते, एका ठेकेदाराने दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्या महिन्यात ४० हजार पोळ्या, तिसऱ्यात ५० हजार, चौथ्यापासून ६० हजार. तिसऱ्या महिन्यात मळायचं दुसरं यंत्र घ्यावं लागलं, साठ हजार. आणखी एक माणूस आणि टेम्पोची दुसरी फेरी धरून ठरलेला खर्च सत्तर हजारांवर गेला. बिलं तीस दिवसांनी नीट सुटताहेत. चौथ्या महिन्याचा नफा १ लाख १० हजार. आणि खड्डा? साडेचार लाख, तोही त्याच चौथ्या महिन्यात. तिन्ही अंदाजांत सगळ्यात खोल खड्डा चांगल्या अंदाजाचा. कारण आज साठ हजार पोळ्यांचं पीठ आणायचं ते गेल्या महिन्याच्या पन्नास हजार पोळ्यांचे पैसे हातात पडायच्या आधी. वाढ जितकी वेगाने होते तितकी ही तफावत रुंदावते.

या खड्ड्यावर दोघींच्या हातात उपाय आहेत आणि ते कागदावर आधीच करून पाहता येतात. एक चतुर्थांश पोळ्या रोखीच्या गिऱ्हाइकांना दिल्या, म्हणजे जवळच्या खानावळी, पार्सलवाले, घरगुती गिऱ्हाइकं, तर साडेचार लाखांचा खड्डा ३ लाख ५ हजारांवर येतो. शिवाय पहाटे जादा पाळी चालवून दुसरं यंत्र दोन महिने लांबवलं, तर २ लाख ४५ हजारांवर. तीन लाखांत बसला. पाळीची जादा मजुरी यात धरलेली नाही, ती ढिलेतून जाईल. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा हाही मार्ग आहे, पण ती आधी मंजूर करून घ्यावी लागते. गल्ला रिकामा झाल्यावर अर्ज केला तर मंजुरी येईपर्यंत दोन शनिवार सहज उलटतात.

जमेच्या बाजूला काय धरू नये, हेही सांगायला हवं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मंजूर झालं तरी ते तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखं अडकवून ठेवलेलं असतं, त्यातून पीठ आणता येत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याने एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवावी : साधारणपणे गिऱ्हाइकाकडून पैसे आले नसले तरी बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो. वाईट अंदाजात तो खड्ड्यात मिळवावाच लागतो.

कायदा छोट्या उत्पादकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकर कायद्यात केलेल्या बदलानुसार, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच्या हिशेबातच धरता येतो. तेव्हा उद्यम नोंदणी पहिल्या दिवशी करावी आणि तो क्रमांक बिलावर छापावा. ठेकेदाराच्या सीएला मार्च महिन्यात तो दिसतो. पण नव्या पुरवठादाराने तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते, हेही तितकंच खरं. म्हणून वाईट अंदाजात ४५ लिहून समाधान मानू नये, ६० लिहावे.

आपण यातल्या कोणत्या अंदाजात आहोत ते फार उशिरा कळतं असं नाही. पहिलं बिल किती दिवसांनी सुटलं, ते पाहायचं. तिसाव्या दिवशी सुटलं तर पहिला कागद चालू ठेवावा. पंचेचाळिसाव्या दिवशीही 'साहेब बाहेर गेलेत' ऐकू आलं, तर त्याच दिवशी वाईट अंदाजाचा कागद समोर ठेवून त्या ठेकेदाराच्या पोळ्या निम्म्या कराव्यात. दर महिन्याला अंदाजाचा आकडा खोडून खरा आकडा लिहायचा आणि पुढचे रकाने नव्याने मांडायचे.

आणि ही सगळी कोष्टकं ज्या एका आकड्यावर उभी आहेत तो घरी बसून ठरत नाही. भाव ठरवायच्या आधी ठेकेदाराला विचारावं, कंपनी तुम्हाला किती दिवसांनी पैसे देते, आमचं बिल कोणाच्या सहीने पास होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत कॅन्टीन किती दिवस बंद असतं. मग त्याला आधीपासून भाजी किंवा दही पुरवणाऱ्याला एकट्याला गाठून तेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. दोघांच्या उत्तरांत फरक पडला, तर भाजीवाल्याचे दिवस कोष्टकात लिहावेत.