पाच फोटो आणि पाच ओळी

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की कॉलेजांच्या नोटीस बोर्डांवर फोटो स्पर्धांची पत्रकं लागतात. आता बऱ्याच ठिकाणी एका सुट्या फोटोऐवजी एका विषयावरचे पाच फोटो आणि प्रत्येकाखाली एक-दोन ओळी मागवतात. मुलांची खरी दमछाक इथेच होते.

समजा विषय आहे ‘पहाट’ आणि ठिकाण दादरचा फुलबाजार. मोबाइलवर दोनशे फोटो सहज निघतात. त्यातले बरे वीस-पंचवीस छोट्या आकारात छापून घ्या आणि जमिनीवर मांडा. स्क्रीनवर एकेक सरकवताना जे कळत नाही ते इथे लगेच दिसतं: आठ फोटो झेंडूच्या ढिगाचेच आहेत. त्यातला एकच ठेवा. मग बाजार कुठे आहे हे सांगणारा एक लांबचा फोटो हवा, माणसं काम करताना दिसणारे दोन आणि गजऱ्याचा दोरा ओढणाऱ्या बोटांचा एक अगदी जवळचा. दवबिंदू पडलेला गुलाब सर्वांत देखणा असतो, पण तो कुठल्याही बागेतला वाटतो. तो काढून टाकताना जीव तुटतो, तरी काढावाच.

ओळींच्या बाबतीत मला छायाचित्रकार डोरोथिया लँग आठवते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका आईचे मोजकेच फोटो काढले. आधी तंबूसकट, मग जवळ जात जात. शेवटचा फोटो ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर पोहोचला. मूळ नोंदीत आईचं वय बत्तीस, मुलं सात आणि गावही होतं. नाव तेवढं नव्हतं, कारण लँगने ते विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. या कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतलं, असं लँगने सांगितलं होतं. कुटुंबाने ते साफ नाकारलं. एवढ्या थोर छायाचित्रकाराच्या कामातली ही उणीव मला फार खुपते.

म्हणून फोटो काढल्याबरोबर, तिथेच उभं राहून विचारावं: नाव काय, नाव छापलं तर चालेल का, माल कुठून आला? उत्तर वहीत लिहावं आणि शेजारी फोटोचा क्रमांक टाकावा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या ओळींत ‘कष्टाची पहाट’ आणि ‘घामाचा सुगंध’ शिरतात. परीक्षकांना असल्या ओळी डझनांनी वाचाव्या लागतात. फोटोत टोपली दिसत असेल तर ‘टोपली घेतलेली बाई’ लिहूनही काही मिळत नाही. ‘पहाटे साडेचार. जुन्नरचा झेंडू उतरवला जातोय. उन्हं वर येण्याआधी तो विकला गेला पाहिजे,’ एवढं लिहिलं तर फोटोतली घाई कशाची, ते कळतं.

फोटो पाठवताना फाइलींना 01, 02 अशी नावं द्या. नाहीतर कॅमेऱ्याने दिलेल्या नावांप्रमाणे त्या लागतात आणि लांबचा फोटो परीक्षकांसमोर शेवटी येऊ शकतो.