स्लाइडवरचं 😅 आणि ठेवीदार आजी

(या भागाचं लिखित रूप. बोलीभाषेचा बाज ठेवला आहे.)

आजचा विषय वरवर गमतीचा वाटेल. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर आयकॉन म्हणून इमोजी वापरावेत का? माझं उत्तर असं की, वापरावेत, पण कुठे ते कळायला हवं. मला ते कसं कळलं, तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेसाठी मी स्लाइड्स करून देतो. एका वर्षी दोन कामं एकाच महिन्यात आली. पहिलं होतं शाळकरी मुलांसाठी बचतीचा कार्यक्रम आणि दुसरं संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा.

मुलांच्या कार्यक्रमात एक स्लाइड होती. डावीकडे मोठा 🍧, खाली "रोज 20 रुपये". उजवीकडे 🚲, खाली "6,000 रुपये". मध्ये प्रश्न: "किती दिवसांचे गोळे वाचवले तर सायकल येईल?" मागच्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "तीनशे!" ती स्लाइड मला आजही आवडते. तिथे गोळा म्हणजे गोळाच होता आणि सायकल म्हणजे सायकल. चित्राचा दुसरा अर्थ लावायची गरजच नव्हती. पार्श्वभूमी पांढरी होती, स्लाइडवर दोनच चित्रं होती आणि रंगीबेरंगीपणा त्या प्रसंगाला शोभत होता.

त्याच उत्साहात मी सर्वसाधारण सभेच्या स्लाइड्स केल्या. संस्थेचा साचा गडद निळा आणि राखाडी, अक्षरं पांढरी. मी प्रत्येक मुद्द्याआधी एक इमोजी लावला. राखीव निधीला 💰, सभेच्या तारखेला 📅, शीर्षकाशेजारी तिरंगा 🇮🇳. आणि थकबाकीच्या स्लाइडवर, "जरा वाढली आहे, पण सांभाळून घेऊ" अशा अर्थाने, 😅.

सभेत ती स्लाइड आली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. निवृत्तीचे पैसे त्यांनी तिथे ठेवलेले. म्हणाल्या, "कर्जं थकली आहेत, आणि ते तोंड हसतंय कशाला?" सभागृहात शांतता पसरली. पुढची दहा मिनिटं सचिव वसुलीचा आराखडा समजावत होते, पण त्या चेहऱ्यापुढे आकड्यांकडे कुणाचं लक्ष जाईना.

माझ्या डोक्यात 😅 म्हणजे ओशाळलेलं हसू होतं. आजींना फक्त हसू दिसलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मित्राशी गप्पा मारताना पुढेमागे चार वाक्यं असतात, त्यांतून चेहऱ्याचा सूर कळतो. स्लाइडवर तो एकटाच उभा असतो, शिवाय संस्थेच्या नावाने बोलत असतो. म्हणून पैसा, आजार, नोकरी किंवा अपघात यांबद्दलच्या स्लाइडवर मी चेहऱ्याचा इमोजी आता घेतच नाही.

बाकीच्या इमोजींनीही त्या दिवशी आपापला गोंधळ घातला. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याला वाटतं, इमोजी म्हणजे छोटं चित्र. प्रत्यक्षात ते 'क' किंवा 'ख' सारखं एक अक्षर असतं. फाइलमध्ये फक्त त्या अक्षराचा क्रमांक जातो. चित्र काढतो तो समोरच्या मशीनमधला फॉन्ट. विंडोजमध्ये तो असतो Segoe UI Emoji, मॅकवर Apple Color Emoji आणि अँड्रॉइडवर साधारणपणे Noto Color Emoji. म्हणजे स्लाइड मी केली, तरी चित्र कसं दिसेल ते तिथलं मशीन ठरवतं.

मी फाइल मॅकवर केली होती आणि सभागृहात विंडोजचा संगणक होता. विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे नाहीत. देशाचा झेंडा म्हणजे दोन विशेष अक्षरांची जोडी असते. झेंडा नसेल तर ती अक्षरंच दिसतात. तिरंग्याच्या जागी पडद्यावर आलं `IN`.

तारखेची गंमत निराळीच. ॲपलच्या 📅 वर 17 जुलै ही तारीख रंगवलेली असते. संचालकांना मी मॅकवरून पीडीएफ पाठवली, त्यात "सभा: 24 ऑगस्ट" या ओळीला चिकटून 17 जुलै छापून आली. एका संचालकांनी फोन करून विचारलं, "तारीख नक्की कुठली?"

आणि पैसे? ॲपलच्या 💰 वर डॉलरचं चिन्ह असतं. नोटांच्या इमोजींत येन, डॉलर, युरो आणि पौंड आहेत, रुपयाची नोट नाही. चढता आलेख म्हणून 💹 लावायला जाल, तर त्यात येनचं चिन्ह असतं, कारण इमोजींचं मूळ जपानचं. रुपयाच्या हिशेबात हे सगळं परकं दिसतं. तिथे साधं ₹ टाइप करावं. तेही अक्षरच आहे, पण त्याचा रंग आपल्या हातात असतो.

औपचारिक डिझाइनमधली मुख्य अडचण या रंगाचीच आहे. निळ्या-राखाडी साच्यात सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या आणि रंग दोन-तीनच असतात. रंगीत इमोजी आपले रंग, चमक आणि सावली घेऊनच येतो. मजकूर निवडून फॉन्टचा रंग बदला, अक्षरं बदलतील, इमोजी पिवळाच राहील. त्यामुळे नजर आधी तिकडे जाते. हे ओळखायची सोपी रीत आहे. पॉवरपॉइंटमध्ये View मधून Slide Sorter उघडा आणि स्लाइड्स लहान करून बघा. आकड्याच्या किंवा शीर्षकाच्या आधी इमोजी दिसला, तर तिथे तो खटकतो आहे असं समजा.

मग काय करायचं? औपचारिक स्लाइडसाठी Insert मधले Icons घ्या. ते एकाच शैलीतले असतात आणि Graphics Fill मधून त्यांना साच्याचा रंग देता येतो. सभेच्या पुढच्या वर्षीच्या स्लाइड्स मी अशाच केल्या, आणि थकबाकीच्या स्लाइडवर तर काहीच लावलं नाही. फक्त आकडा, मागच्या वर्षीचा आकडा आणि वसुलीची तारीख.

इमोजीच हवा असेल, तर तो गोठवून ठेवा. मजकूर चौकटीत इमोजी टाका, चौकट निवडून कट करा, मग Paste Special मधून PNG म्हणून चिकटवा. आता ते खरोखरच चित्र झालं, दुसऱ्या मशीनवर बदलणार नाही. शिवाय Picture Format मधल्या Color वर जाऊन त्याला साच्याच्या एका रंगछटेत रंगवता येतं. फक्त मॅकवर एक मर्यादा लक्षात ठेवा. तिथले इमोजी ठरावीक पिक्सेलचे, जास्तीत जास्त 160 पिक्सेल रुंदीचे असतात. फुल एचडी पडद्यावर 80 पॉइंटच्या वर ताणले तर कडा मऊ, धूसर दिसू लागतात.

मुलांच्या कार्यक्रमात मात्र मी अजूनही 🍧 आणि 🚲 वापरतो, पण आधी त्यांचं PNG करून.

आजी यंदाही सभेला होत्या. थकबाकीची स्लाइड आली तशी त्यांनी चष्मा लावला, आकडे वाचले आणि वसुलीबद्दल दोन नेमके प्रश्न विचारले.

तुमच्या स्लाइडवर असा एखादा इमोजी फसला असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!