फोटोतले तिरके हसू सावरताना

फोटोत ओठाचा एक कोपरा वर आणि दुसरा खाली दिसला की हसू तिरके वाटते. पण अनेकदा तिरके असते ते डोके. म्हणून आधी दोन्ही बाहुल्यांना जोडणारी रेषा आडवी होईल इतका फोटो फिरवून पाहावा. त्यानंतरही कोपऱ्यांच्या उंचीत फरक उरला, तर तो हसण्यातला आहे. तो फरक फोटोशॉपमधल्या Liquify ने कमी करता येतो.

खालचा कोपरा ओढून वरच्याच्या पातळीवर नेला, तर हसू मुळापेक्षा मोठे होते. वरचा खाली आणला, तर हसू मावळते. दोन्हींत भाव बदलतो. म्हणून फरक दोन्ही बाजूंत वाटून घ्यावा आणि तोही अर्धाच मिटवावा. समजा, फरक १६ पिक्सेलचा आहे. खालचा कोपरा ४ पिक्सेल वर आणि वरचा ४ पिक्सेल खाली नेला, की ८ पिक्सेलचा फरक उरतो. कोपऱ्यांची सरासरी उंची मात्र तीच राहते, त्यामुळे हसू तेवढेच राहते. चेहरे मुळातच थोडे विषम असतात. पूर्ण समान केलेले तोंड परके वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी लेयरचा Smart Object करावा, म्हणजे बदल नंतरही दुरुस्त करता येतो. Freeze Mask ने नाक, डोळे आणि समोरचे दात झाकावेत. मग Forward Warp घेऊन ब्रशचा आकार कोपऱ्यापासून गालाच्या घडीपर्यंत पोहोचेल इतका मोठा ठेवावा आणि Pressure २० च्या आसपास. हसताना स्नायू कोपऱ्याबरोबर गाल आणि नाकापासून उतरणारी घडीही ओढतो. म्हणून ही सगळी जागा एकत्र, दोन-तीन हलक्या ढकलण्यांत सरकवावी. लहान ब्रशने नुसता कोपरा उचलला, तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. याच पॅनेलमधली Smile ची पट्टी वापरू नये. तिने हसूच कमी-जास्त होते.

चूक झाली तर ती कडेच्या दातांत, मिशीच्या रेषेत आणि त्वचेच्या रंध्रांत आधी दिसते: दात रुंदावतात, रेषा वाकते, रंध्रे ताणली जातात. तसे झाल्यास Reconstruct ने तेवढा भाग मागे घ्यावा. शेवटी फोटो आडवा उलटवून पाहावा, कारण सरावलेल्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा त्यात लगेच जाणवतो. मग डोळ्यांचा भाग झाकून तोंड आणि तोंड झाकून डोळे पाहावेत. दोन्हींत एकच भाव वाटला, तर काम थांबवावे.

पासपोर्टच्या आणि बातमीच्या फोटोत मात्र असा बदल करू नये. चेहऱ्याच्या पक्षाघातामुळे हसू तिरके असेल, तर त्या व्यक्तीला विचारूनच हात लावावा.