साठ वर्षांचा व्यवहार आणि एक पत्र

दिवाळी-पाडव्याच्या सुमारास अचलपूरसारख्या कापसाच्या गावात जिनिंगवाले आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवतात. छापील कागदावर पेढीचं नाव असतं, खाली 'आपला आमचा साठ वर्षांचा विश्वासाचा व्यवहार' आणि लोभ वाढावा अशी विनंती. मालाचा, वजनाचा किंवा वादाचा त्यात उल्लेख नसतो. व्यापारी कागद म्हणून हे पत्र फार दुबळं आहे असं मला वाटतं. थोडी मेहनत घेतली तर तेच पत्र पेढीचा खरा इतिहास होऊ शकेल.

आधी 'साठ वर्षे' घेऊ. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. तीन दशकांच्या आसपास शेतकऱ्याचा कापूस घेण्याचा हक्क सरकारी यंत्रणेकडे राहिला आणि खासगी जिनवाला बराच काळ दुसऱ्याच्या कापसाची रुई काढून मजुरी घेत होता. गाठी त्याच्या मालकीच्या नसत, त्यामुळे त्या गिरणीला विकण्याचा प्रश्नच येत नसे. गिऱ्हाईकही बदललं. अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल आली आणि २०२० च्या टाळेबंदीत तिच्या चात्या थांबल्या. या गावात सलग साठ वर्षांची गोष्ट सांगणाऱ्या पेढीने मधल्या काळात आपण नेमके कोण होतो तेही सांगावं. विक्रेता होतो, की मजुरीवर रुई काढणारा? ते सांगितलं तर नातं लहान होत नाही. उलट, धंदा हातातून गेला असतानाही ओळख टिकली होती, हे त्यातूनच दिसतं.

दुसरी उणीव मालाची. गाठींच्या धंद्यात विश्वासाची परीक्षा बहुतेक वेळा ओलीवर होते. गाठ दाबण्याआधी रुईवर पाणी मारलं की ती नीट दबते, आणि वजनही वाढतं. समजा १७० किलोच्या शंभर गाठी, म्हणजे १७,००० किलो रुई, ८.५ टक्के ओलीच्या बोलीवर गेली आणि गिरणीत ओल १० टक्के भरली. त्यात कोरडी रुई १५,३०० किलो. ठरलेल्या ओलीला तिचं वजन सुमारे १६,७२१ किलो व्हायला हवं. म्हणजे २७९ किलोचे, दीड गाठीहून अधिक पैसे गिरणीने पाण्यासाठी मोजले. बाहेरचा थर लवकर सुकतो, म्हणून नुसती वरून तपासलेली गाठ फसवते. नमुना आतून काढावा लागतो आणि तो कोणी, कधी काढला यावरच भांडण होतं. अशा वेळी पुरवठादाराने गिऱ्हाइकाचा माणूस बोलावून समोर नमुना काढला आणि फरक बिलातून वजा केला, तर तो प्रसंग पत्रात लिहिण्याच्या लायकीचा आहे. कोणतं साल, कोणता लॉट, किती वजन तुटलं आणि कसं मिटलं. विशेषणांपेक्षा हा हिशेब वाचणाऱ्याला जास्त सांगतो.

यावर कोणी म्हणेल की सणाच्या पत्रात जुनी भांडणं कशाला उकरायची? आक्षेप गैर नाही. पण वाद मिटला असेल तर त्याचा उल्लेख लाजिरवाणा नसतो. मिटला नसेल, तर विश्वासाचं पत्र लिहिण्याची घाई करू नये. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: विश्वास असेल तर लिहायचं कशाला, तोंडी शब्द पुरे. माणसं तीच आहेत तोवर हे चालतं. मालक बदलला, गिरणी सरकारकडे गेली किंवा बंद पडली, की तोंडी शब्द कोणाच्या वहीत राहत नाही. १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यात गिरण्यांच्या जुन्या देण्यांचे दावे स्वतंत्र आयुक्तांपुढे मांडावे लागत. तिथे दावेदाराची प्रतिष्ठा नव्हे, पुरावा चालतो.

इथेच एक गैरसमज आहे. पत्रात 'बाकी अमुक इतकी' असं लिहिलं म्हणजे उधारी सुरक्षित झाली, असं काही जण धरून चालतात. मालाच्या येण्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ती नव्याने सुरू व्हायची, तर देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मुदत संपण्याआधी लेखी कबुली देऊन सही करावी लागते. पुरवठादाराने स्वतःच लिहिलेलं पत्र ही कबुली ठरत नाही, मग त्यात कितीही जिव्हाळा असो. म्हणून कागद दोन असावेत. पत्र वेगळं, आणि त्यासोबत खाते उतारा, ज्यावर गिऱ्हाइकाने 'बाकी मान्य' लिहून तारीख-सही करून एक प्रत परत पाठवायची. पैशाचा विषय दुसऱ्या कागदावर गेला, की पहिल्या पत्रात मालाबद्दल आणि माणसांबद्दल मोकळेपणाने लिहिता येतं.