मुलाखत मागावी कशी? लोणंदच्या मेंढीबाजारातून फलटणच्या संशोधकापर्यंत

एखाद्या शास्त्रज्ञाला नुसतं ‘तुम्हाला भेटायचंय’ असं कळवलं, तर कशासाठी भेटायचं हे त्याला समजत नाही. ‘आमच्या मेंढपाळांच्या या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यासमोर द्याल का?’ असं विचारलं, तर भेटीचं कारण आणि वेळेचा अंदाज दोन्ही त्याच्या हाती येतात. स्वतःची व्हिडिओ मालिका असेल, तर तज्ज्ञांशी ओळख होते ती अशी.

लोणंदचंच उदाहरण घेऊ. इथला शेळ्यामेंढ्यांचा बाजार प्रसिद्ध आहे आणि दख्खनी मेंढीच्या एका प्रकाराला ‘लोणंद’ हेच नाव आहे. शेजारच्या फलटणला बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातल्या गारोळ या लहानखुऱ्या मेंढीत मात्र जुळी देणारं एक जनुक आहे, त्याचं नाव फेक-बी. संकर करून ते दख्खनीत आणलं गेलं आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. आता समजा, लोणंदच्या एखाद्या तरुणाला मेंढपाळांसाठी मालिका करायची आहे आणि या विषयाच्या संशोधकाला भेटायचं आहे.

पहिलं काम बाजारात. आठवडाभर संशोधनाचे कागद चाळण्याआधी मेंढपाळांशी बोलावं. तिथे अशी तक्रार कानावर येऊ शकते : ‘जुळीवाला नर आणला, कळपात सोडला, पण मेंढ्यांना एकेकच कोकरू झालं.’ तक्रार खरी, पण समजूत चुकीची. जुळी होणं हे मेंढीच्या अंगातल्या जनुकावर अवलंबून असतं, ती ज्या नराला लागली त्याच्यावर नाही. नराचं जनुक त्याच्या मुलींमध्ये उतरतं आणि त्या मुली व्यायल्या की जुळी दिसतात. म्हणजे दोनेक वर्षं थांबावं लागतं. नरात जनुकाच्या दोन प्रती असतील तर प्रत्येक मुलीला एक मिळते. एकच असेल तर साधारण निम्म्या मुलींना.

एवढं वाचून आधीच समजतं. मग तज्ज्ञाला काय विचारायचं? वाचून न मिळणारं. ‘फेक-बी म्हणजे काय?’ हा प्रश्न वाया गेला. उत्तर संस्थेच्या माहितीपत्रकातलंच येईल, आणि तसं आलं की प्रश्न चुकला असं समजावं. ‘नर घेताना त्यात एक प्रत आहे की दोन, याची खात्री मेंढपाळाने कशी करून घ्यावी? उन्हाळ्यात चारा नसताना जुळ्यांना आईचं दूध पुरतं का? न पुरल्यास पहिल्या आठवड्यात काय करावं?’ या प्रश्नांना अनुभवाचंच उत्तर लागतं.

आता पत्र. संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर, सात-आठ ओळींत :

‘मी लोणंदचा. मेंढपाळांसाठी छोटे व्हिडिओ करतो, एक नमुना सोबत पाठवत आहे. नर बदलूनही जुळी का झाली नाहीत, असं मला बाजारात विचारतात. त्यासाठी तीन प्रश्न खाली देत आहे. चाळीस मिनिटं पुरतील, मी फलटणला येईन. प्रसिद्ध करण्यापूर्वी आकडे तुम्हाला तपासायला देईन.’

यात स्तुती नाही आणि स्वतःसाठी मागणीही नाही. नर स्वस्तात मिळेल का, नोकरी आहे का, हे पहिल्या भेटीत विचारलं, की मुलाखत निमित्त ठरते आणि माणूस सावध होतो. तज्ज्ञ सरकारी संस्थेत असेल, तर वरिष्ठांची परवानगी लागू शकते. तेवढा अवधी धरूनच तारीख मागावी.

भेटीच्या दिवशी कॉलरला लावायचा माइक हवाच. मेंढवाड्यात वारा आणि कोकरांचं ओरडणं फोनच्या माइकवर बोलण्यापेक्षा मोठं येतं. एक मिनिट ध्वनिमुद्रण करून तिथेच ऐकून पाहावं. दुसऱ्याच्या कळपातून आला असाल तर आधी सांगावं आणि पायातलं बदलावं. जनावरांचे रोग बुटांवरूनही जातात. प्रश्न विचारून गप्प बसावं. तज्ज्ञ थांबून पुन्हा बोलू लागतो, तेव्हा बहुतेकदा कामाचं येतं. शेवटी विचारावं : ‘याविषयी आणखी कोणाशी बोलावं?’ पुढची ओळख इथून मिळते.

खरी ओळख मात्र व्हिडिओनंतर होते. तो लोणंदच्या मेंढपाळांना दाखवा, त्यांचे नवे प्रश्न टिपून तज्ज्ञाला कळवा. संशोधकाला आपलं काम वाड्यावर कसं चाललंय हे जाणून घ्यायचंच असतं, आणि ती बातमी तुम्ही नेता. एका मुलाखतीने मैत्री होईलच असं नाही. दुसऱ्यांदा लिहिताना मात्र ‘मी कोण’ हे सांगावं लागत नाही. तेव्हा पत्र लिहायला बसण्याआधी एकदा बाजारात जा आणि प्रश्न घेऊन या.